वाटणीत आलेले गाळे, कुटुंबाचा कर आणि सभासदांचा कर

प्रश्न: 1991 साली वडील, काका आणि मी यांच्यात नोंदणीकृत वाटणीपत्र होऊन आजोबांच्या मालमत्तेतले साताऱ्यातले तीन गाळे आणि जुना वाडा माझ्या वाट्याला आला. गाळ्यांचे मिळून दरमहा 1,05,000 रुपये भाडे येते आणि ते मी आजवर माझ्याच विवरणपत्रात दाखवत आलो. माझा पगार वर्षाला 22.75 लाख, मुलाचा 9.75 लाख, पत्नी गृहिणी, 21 वर्षांची मुलगी शिकते. ओळखीचे लोक सांगतात की ‘एचयूएफ’ केले की त्याला वेगळी चार लाखांची करमुक्त मर्यादा मिळते. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा चौघांत वाटून टाक, प्रत्येकाला बारा लाख माफ आहेत. काय करावे? वडिलांकडून 2012 मध्ये आलेला, त्यांनी स्वतः घेतलेला पुण्याचा फ्लॅट आणि माझी 20 लाखांची मुदत ठेवही त्यातच टाकता येईल का?

उत्तर: आपल्या ओळखीच्यांचे आणि भावाचे म्हणणे दोन्ही अर्धे बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा भागच पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मात्र हिशेबाकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिंदू अविभक्त कुटुंब ही आपण ‘करण्याची’ गोष्ट नाही. ते लग्नाने आणि जन्माने तयार होते, आणि पॅन कार्ड काढल्याने त्याच्या नावावर मालमत्ता येत नाही. प्राप्तिकर कायदा कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानतो, पण कोणते उत्पन्न कुटुंबाचे आणि कोणते आपले हे हिंदू कायद्याने आधीच ठरलेले असते. म्हणून आपल्या तिन्ही मालमत्तांकडे वेगवेगळे पाहावे लागेल. (खाली दिलेले कलमांचे क्रमांक 1961 च्या कायद्यातले आहेत, 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या 2025 च्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत. कराचे आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाच्या दरांनी काढले आहेत.)

गाळे आणि वाडा आपल्याला वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीत मिळाले. अशा वाटणीत मिळालेला हिस्सा ज्याच्या हाती येतो त्याच्या पत्नी-मुलांच्या संदर्भात कुटुंबाचाच राहतो, आणि त्या कुटुंबात पुरुष सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सा मिळणारा सभासद, एकटाच असला तरी फरक पडत नाही; हे सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये एन. व्ही. नरेंद्रनाथ यांच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे गाळ्यांचे भाडे आपले लग्न झाल्यापासून कुटुंबाचेच उत्पन्न आहे आणि इतकी वर्षे ते चुकीच्या करदात्याच्या विवरणपत्रात जात होते. कुटुंब म्हणून कर भरावा की व्यक्ती म्हणून, हा पर्याय आपल्या हातात नाही. चुकीच्या करदात्याने कर भरला म्हणून योग्य करदाता सुटत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अचय्या यांच्या खटल्यात घेतली आहे. तो खटला कुटुंबाचा नव्हे तर व्यक्तीसमूहाचा होता, पण तत्त्व तेच.

पुण्याच्या फ्लॅटचे मात्र तसे नाही. वडिलांनी तो स्वकमाईतून घेतला होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता मुलाकडे वारसाहक्काने येते ती त्याची वैयक्तिक मालमत्ता म्हणून. हे 1986 च्या चंदर सेन निकालाने निश्चित झाले. ‘बापाकडून आले ते वडिलोपार्जित’ ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या फाइलमध्ये असा एखादा फ्लॅट कुटुंबाच्या नावे दाखवलेला सापडतो. तो तिथे दाखवता येत नाही.

राहिली ठेव. आपल्या पगारातून साठवलेले 20 लाख आपण कुटुंबाच्या खात्यात टाकू शकता, आणि सभासदाने दिलेली भेट म्हणून कुटुंबाला त्या रकमेवर कर लागणार नाही. परंतु कलम 64(2) अन्वये, 31 डिसेंबर 1969 नंतर एखाद्याने स्वतःची मालमत्ता पुरेसा मोबदला न घेता कुटुंबाच्या सामाईक मालमत्तेत मिसळली, तर तिचे उत्पन्न त्याच्याच उत्पन्नात धरले जाते. सात टक्क्यांनी येणारे 1,40,000 रुपये व्याज आपल्याच टप्प्यात पडेल. त्या व्याजाची पुन्हा ठेव केली तर तिच्यावरचे पुढचे 9,800 रुपये कुटुंबाचे मानले जातात, पण एवढ्यासाठी मुद्दल अडकवणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण एकदा टाकलेल्या पैशावर मुलांचा हक्क निर्माण होतो आणि तो आपल्याला एकट्याच्या मर्जीने परत घेता येत नाही.

म्हणजे हिशेब फक्त गाळ्यांच्या भाड्याचा. वर्षाचे भाडे 12,60,000 रुपये. तिन्ही गाळ्यांची मिळून घरपट्टी 60,000 रुपये आपणच भरता असे धरले तर उरतात 12,00,000. त्यातून घरमालमत्तेच्या उत्पन्नावरची 30 टक्के ठोक वजावट, म्हणजे 3,60,000, गेली की करपात्र उत्पन्न 8,40,000 रुपये होते. ही वजावट कुटुंबालाही मिळते आणि व्यक्तीलाही, त्यामुळे तुलनेत तिचा फरक पडत नाही.

आज हे 8,40,000 आपल्या पगारावर चढतात. नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन आपला पगार 22,00,000 उरतो आणि त्यावर कर येतो 2,50,000. भाडे मिळवले की उत्पन्न 30,40,000 होते आणि कर 4,92,000. फरक 2,42,000 रुपयांचा. 4 टक्के उपकर धरून भाड्यापायी आपण दरवर्षी 2,51,680 रुपये भरत आहात.

हेच 8,40,000 कुटुंबाच्या विवरणपत्रात गेले तर पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, उरलेल्या 40,000 वर 10 टक्क्यांनी 4,000. उपकरासह एकूण 24,960 रुपये. कुटुंबाकडून आपल्याला, पत्नीला किंवा मुलांना मिळणारी रक्कम कलम 10(2) अन्वये सभासदाच्या हाती पुन्हा करपात्र होत नाही. वर्षाला सव्वादोन लाखांहून अधिक वाचतात, आणि ती सगळी बचत केवळ चार लाखांच्या करमुक्त मर्यादेची नाही. कुटुंबाला करांच्या टप्प्यांची पूर्ण शिडी पहिल्या पायरीपासून वेगळी मिळते, तर आपल्या शिडीच्या वरच्या पायऱ्या पगारानेच भरलेल्या आहेत. जुनी प्रणाली कुटुंबासाठी निवडता येते, पण तिथे करमुक्त मर्यादा अडीच लाखच आहे. विम्याचे हप्ते वगैरे दाखवून दीड लाखाची पूर्ण वजावट घेतली तरी 6,90,000 वर उपकरासह 52,520 रुपये येतात, म्हणून तो विचार सोडून द्यावा.

आता भावाच्या बारा लाखांकडे येतो. बारा लाखांपर्यंत कर शून्य होतो तो करमुक्त मर्यादा वाढल्यामुळे नव्हे. करमुक्त मर्यादा सर्वांना चार लाखच आहे. बारा लाखांपर्यंत लागणारा 60,000 पर्यंतचा कर कलम 87ए च्या सवलतीने माफ होतो, आणि ती सवलत फक्त निवासी व्यक्तीला आहे. हिंदू अविभक्त कुटुंबाला ती कधीच नव्हती. पूर्वी माफीची रक्कम लहान असल्याने ही त्रुटी फारशी बोचत नसे. आता बारा लाख करपात्र उत्पन्न असलेली व्यक्ती काहीच भरत नाही आणि तेवढेच उत्पन्न असलेले कुटुंब 62,400 रुपये भरते. याचा अर्थ असा की ज्या घरात कर्त्याचे स्वतःचे उत्पन्न दोन-तीन लाखांपुढे जात नाही, तिथे हेच भाडे व्यक्तीच्या हाती आले असते तर करमुक्त ठरले असते आणि कुटुंबाच्या हाती मात्र त्यावर पंचवीस हजार जातात. वेगळ्या करमुक्त मर्यादेचे जे कौतुक जुन्या सल्लागारांच्या तोंडी अजून आहे, ते मोठ्या पगाराच्या किंवा मोठ्या धंद्याच्या माणसापुरतेच खरे उरले आहे.

तर मग वाटणीने काय होईल? वाटणीत आपण, मुलगा आणि मुलगी सहदायाद म्हणून हिस्सेदार. मुलीचा हक्क 2005 च्या दुरुस्तीने मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. पत्नी सहदायाद नाही आणि वाटणी मागू शकत नाही, पण पती आणि मुले यांच्यात वाटणी होते तेव्हा आपल्याकडच्या मिताक्षरा परंपरेत तिलाही समान हिस्सा मिळतो. गाळ्यांत चौघांचे समान हिस्से धरले तर प्रत्येकी 2,10,000 रुपये उत्पन्न होते. पत्नीला आणि मुलीला कर नाही. मुलाचे 9,00,000 चे 11,10,000 होतात, तरी सवलतीमुळे कर शून्य. आपल्या 22,00,000 वर मात्र 2,10,000 चढतात आणि त्यावर उपकरासह 55,120 रुपये लागतात. म्हणजे सरसकट चौघांत वाटणी केल्यास कुटुंब म्हणून भरायच्या कराच्या दुपटीहून जास्त कर जाईल, आणि तो सगळा आपल्या एकट्याच्या हिश्श्यामुळे.

यावर उपाय आहे, आणि आपल्या मालमत्तेची ठेवण पाहता तो सहज जमतो. वाडा बंद असतो, त्याचे उत्पन्न नाही. वाडा आपण घेतला आणि एकेक गाळा पत्नी, मुलगा, मुलगी यांनी घेतला, तर प्रत्येक गाळ्याचे करपात्र उत्पन्न 2,80,000 रुपये होते. पत्नी आणि मुलगी मर्यादेच्या आत, मुलगा 11,80,000 वर, म्हणजे सवलतीच्या आत. चौघांचा मिळून भाड्यावरचा कर शून्य. वाटणी हे हस्तांतरण मानले जात नसल्याने पत्नीच्या हिश्श्याचे उत्पन्न आपल्या उत्पन्नात जोडले जात नाही. (आपण 20 लाखांची ठेव कुटुंबात टाकून मग वाटणी केली असती, तर पत्नीला त्यातून मिळालेल्या भागाचे व्याज आपल्याकडेच जोडले गेले असते, ठेव बाहेर ठेवण्याचे हे आणखी एक कारण.) मुलगी अठरा वर्षांखालची असती तर मात्र तिचे भाडे तिला वेगळे दाखवता आले नसते, ते आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्यात जोडले गेले असते.

पण या शून्याचा मुलाच्या बाजूचा धागा फार ताणलेला आहे. मुलाला पुढच्या वर्षी एक लाखाची पगारवाढ मिळाली असे समजा. त्याचा प्रमाणित वजावटीनंतरचा पगार 10,00,000 होईल, आणि गाळा नसता तर त्याला कर शून्यच राहिला असता. गाळ्याच्या 2,80,000 सह उत्पन्न 12,80,000 होते, सवलत जाते, आणि बारा लाखांच्या किंचित पुढे जाणाऱ्यांना मिळणारा सीमांत दिलासाही इथे उपयोगी पडत नाही, कारण कर 72,000 आहे आणि बारा लाखांवरची रक्कम 80,000. उपकरासह 74,880 रुपये. एका पगारवाढीने एका गाळ्यावरचा कर तिन्ही गाळ्यांवर कुटुंबाने भरायच्या कराच्या तिप्पट झाला. मुलीला उद्या चांगली नोकरी लागली की तिचीही गाडी याच वळणावर येईल. उलट कुटुंबाचे 24,960 रुपये घरात कोणाचा पगार किती वाढला यावर अवलंबून नाहीत; भाडे वाढेल तेवढाच तो कर वाढेल.

वाटणीची दुसरी बाजू कायद्याची आहे, आणि लोक सर्वाधिक चुकतात ते इथे. कलम 171 अन्वये, ज्या कुटुंबाची आकारणी आजवर अविभक्त म्हणून झाली आहे ते, पूर्ण वाटणी झाल्याचा आदेश करनिर्धारण अधिकाऱ्याने देईपर्यंत, कराच्या दृष्टीने अविभक्तच राहते; घरात, गावात आणि तलाठ्याच्या दप्तरात वाटणी झालेली असली तरी. अंशतः वाटणी, म्हणजे काही सभासदांपुरती किंवा काही मालमत्तेपुरती, 31 डिसेंबर 1978 नंतर झालेली असेल तर करासाठी धरलीच जात नाही. त्यामुळे मुलीच्या लग्नात एक गाळा तिच्या नावे करून बाकीचे दोन कुटुंबात ठेवू, असे केल्यास त्या गाळ्याचे भाडेही कुटुंबाच्याच उत्पन्नात धरले जाईल. आणि मालमत्ता प्रत्यक्ष वाटण्याजोगी असेल तर ती प्रत्यक्षच वाटली पाहिजे. केवळ उत्पन्न वाटून घेणे ही वाटणी नव्हे, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाची फाइल माझ्याकडे आली ती नोटिशीसह. चार भावांच्या त्या कुटुंबाची अविभक्त म्हणून आकारणी होत असे. एका वर्षी कर्त्याने कुटुंबाचे विवरणपत्र भरणे थांबवले, भाड्याचे चार सारखे भाग करून दर महिन्याच्या पाच तारखेला चौघांच्या खात्यांत वळते करायला सुरुवात केली आणि चौघांनी आपापली विवरणपत्रे भरली. भाडेकरार मात्र जुनाच, कर्त्याच्या सहीचा. घरपट्टीची पावती एकच. आणि वाटणीपत्र म्हणून दाखवायला एक साध्या कागदावरची समजपत्रिका, जिच्यात कोणता मजला कोणाचा याचा उल्लेखही नव्हता. सगळे भाडे व्याजासह पुन्हा कुटुंबाच्या माथी आले. चार भावांनी भरलेला कर परत मिळवण्याचा खटाटोप त्यानंतर बराच काळ चालला. वाटणी खरी की कागदी, हे कळण्याची खूण हीच: भाडेकरार, घरपट्टी आणि मिळकत पत्रिका या तिन्हींवर नवी नावे दिसतात का.

आपल्या बाबतीत एक बारकावा आहे. आपले कुटुंब कर खात्याकडे कधीच अविभक्त म्हणून नोंदले गेलेले नाही. अशा कुटुंबाला कलम 171 चे हे बंधन लागू होत नाही, असा दृष्टिकोन न्यायालयांनी घेतलेला आहे, कारण कलमाची सुरुवातच ‘आजवर अविभक्त म्हणून आकारणी झालेले कुटुंब’ अशी आहे. म्हणून पॅन काढून पहिले विवरणपत्र भरण्याआधी घरात बसून ठरवा: पुढच्या पाच-सात वर्षांत वाटणी करायची आहे का? असेल तर आता करणे सोपे आहे. आधी कुटुंब म्हणून आकारणी सुरू करून मग वाटणी केली, तर दावा, सर्व सभासदांना नोटीस, चौकशी आणि आदेश या मार्गानेच बाहेर पडावे लागेल. वाटणीपत्राला मुद्रांक शुल्कही लागते, आणि सर्वात मोठा हिस्सा वगळून बाकीच्यांच्या बाजारमूल्यावर ते धरले जाते. दरवर्षीच्या 25,000 रुपयांच्या करासमोर तो खर्च मांडून पाहा.

माझे मत विचाराल तर, कराच्या कारणासाठी वाटणी करू नये. मुलाचा पगार बारा लाखांच्या इतक्या जवळ असताना वाटणीचा फायदा एक-दोन वर्षे टिकेल, आणि तोपर्यंत तीन गाळे तीन मालकांचे झालेले असतील, जे पुन्हा एकत्र आणता येणार नाहीत. मुलांना आपापला वाटा खरोखरच हवा असेल तर गोष्ट वेगळी. मग करासाठी थांबण्याचेही कारण नाही. तोवर ‘कुटुंब’ म्हणून पॅन घ्या, कुटुंबाच्या नावाने स्वतंत्र बँक खाते उघडा, आणि तिन्ही भाडेकरार पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ‘हिंदू अविभक्त कुटुंबाकरिता कर्ता’ या शब्दांनी स्वतःची सही करून नव्याने करा. भाडे थेट त्याच खात्यात यावे. आधी आपल्या पगाराच्या खात्यात येऊन मग वळते होणारे भाडे पाहिले की अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो. विवरणपत्र आयटीआर-2 मध्ये भरावे लागेल. आपल्या वैयक्तिक विवरणपत्रातून भाडे ज्या वर्षी वगळाल, त्या वर्षीच्या कागदांत 1991 च्या वाटणीपत्राची प्रत आणि बदलाचे कारण सांगणारे टिपण ठेवा, कारण आठ लाखांचे उत्पन्न अचानक नाहीसे झालेले संगणकालाही दिसते. आजवरच्या भाड्यातून आपल्या नावे केलेल्या ठेवी ओळखता येत असतील तर त्यांची यादी करा. ज्या ठेवीचा माग थेट गाळ्याच्या भाड्यापर्यंत लावता येतो ती कुटुंबाचीच आहे आणि तिला कलम 64(2) लागत नाही. पगार आणि भाडे ज्यात मिसळले आहे, ती मात्र आपलीच धरून चालावे.

आपल्या भावाचे बिऱ्हाड गोव्यात असल्यास आणि तो स्वतःच्या अनुभवावरून बोलत असल्यास एक खुलासा करतो. तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यात पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते, आणि कलम 5ए अन्वये पगार वगळता त्यांचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागून प्रत्येकावर व्यक्ती म्हणून कर लागतो, त्यामुळे बारा लाखांची सवलत दोघांनाही स्वतंत्र मिळते. ती सोय साताऱ्याच्या गाळ्यांना लागू नाही.